शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर

"रिपोर्ट बंदैत्री अक्का," असं म्हणून लॅबमधल्या पोरानं कागद पुढं केला आणि एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. थायरॉईड बरं, साखर बरी, हिमोग्लोबिन थोडं कमी. शेवटच्या ओळीत एएमएच ०.७४ आणि शेजारी ठळक अक्षरांत 'लो'. एएमएच म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बायकांसाठी आठ तपासण्यांचं एक स्वस्त पॅकेज निघालं होतं, त्यात ही आपोआप आली होती. आमच्या पतसंस्थेतल्या चौघीजणी मिळून रक्त देऊन आलो होतो, चहाला जाऊन यावं तसं.

मी निपाणीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. तेव्हा बत्तीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मुलाचा विचार आम्ही अजून सुरूही केला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीमुळं झाला आणि ती मला कुणी विचारली नाही.

कागद घेऊन मी जवळच्याच एका दवाखान्यात गेले. तिथं पोटावरून सोनोग्राफी झाली. पाणी पिऊन पिऊन लघवी दाबून बसले होते, पाळीचा सतरावा दिवस होता. मशीनवरच्या मॅडम दोन मिनिटांत म्हणाल्या, "ओव्हरी लहान दिसतात." डॉक्टरांनी ०.७४ वर पेनानं गोल केला. "अंडी संपत आलीत. सहा महिने थांबलात तर स्वतःची अंडी मिळतील याची खात्री नाही. सरळ टेस्ट ट्यूबचं बघा." खर्चाचा छापील तक्ताही दिला. मी हिशेबाची बाई. तक्त्यात तीन ठिकाणी 'औषधं वेगळी' लिहिलंय हे मला दिसलं, पण त्याखेरीज त्या दिवशी काही सुचलं नाही.

घरी आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं नव्हतं. पण रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवरही आला होता आणि मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात होता. आत्तींना इंग्रजी येत नाही, पण तांबड्या अक्षरातलं काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझ्या मावसबहिणीला एकच ओव्हरी होती. तिला तीन लेकरं झाली." मला तेव्हा राग आला. त्यांचं म्हणणं बरंचसं खरं होतं हे नंतर कळलं.

दुसरं मत घ्यायला बेळगावला गेलो. एका मैत्रिणीच्या आईनं नाव सांगितलं होतं. टिळकवाडीत लहानसा दवाखाना, बाहेर गर्भलिंग तपासणी केली जात नाही अशी पाटी, आत साठीच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. आधी तीन प्रश्न विचारले. मुलासाठी किती महिने प्रयत्न चाललाय? पोटाचं कधी ऑपरेशन झालंय? आणि रक्त दिलं तेव्हा कुठल्या गोळ्या चालू होत्या?

पहिल्याचं उत्तर शून्य. दुसऱ्याचं, सत्ताविसाव्या वर्षी डाव्या ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट दुर्बिणीतून काढली होती. ही गाठ जुन्या घट्ट रक्तानं भरलेली असते, म्हणून तिला ते नाव. आणि तिसऱ्याचं, पाळीत फार दुखायचं म्हणून नऊ महिने मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. दुखण्याची गोळी म्हणून ती माझ्या डोक्यात बसली होती. 'औषध चालू आहे का' असं लॅबमध्ये कुणी विचारलं असतं, तरी मी कदाचित नाहीच म्हटलं असतं.

"गोळीवर असताना हा आकडा खाली येतो," बाई म्हणाल्या. "किती खाली, ते प्रत्येकीचं वेगळं. कुणाचा पाचव्या हिश्शानं, कुणाचा त्याहून जास्त. अंडी कमी झालेली नसतात. ती दबलेली असतात." मग त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं. गोळ्या बंद, तीन महिने थांबायचं, आणि त्यानंतरची पाळी आली की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लघवी करून, पोट मोकळं ठेवून यायचं. माझ्याबरोबर आलेल्या नवऱ्याला त्यांनी त्याच वेळी वीर्यतपासणीची चिठ्ठी दिली. तो म्हणाला, "पण प्रॉब्लेम तर हिचा..." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्यानं चिठ्ठी खिशात घातली. (तपासणी नीट आली. त्याचा विषय तेवढाच.)

मग एएमएच म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. मी ते माझ्या भाषेत लिहिते.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्याची सगळी अंडी असतात, दहा-वीस लाख. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. ही अंडी झोपलेली असतात, आणि झोपलेलं अंडं ना सोनोग्राफीत दिसतं, ना रक्तात त्याचा पत्ता लागतो. त्यातली थोडी थोडी सतत जागी होत असतात. जाग्या झालेल्या अंड्याभोवती पाण्याची बारीक पिशवी तयार होते, तिला फॉलिकल म्हणतात. एएमएच हे हार्मोन या लहान पिशव्यांच्या भिंतीतून निघतं. पिशवी आठ-दहा मिलिमीटरच्या पुढं वाढली की ते बनणं जवळजवळ थांबतं. म्हणून हे रक्त पाळीच्या कुठल्याही दिवशी दिलं तरी चालतं. आणि सोनोग्राफीत मोजतात त्याही याच पिशव्या, दोन ते दहा मिलिमीटरच्या. एका गोष्टीकडं दोन खिडक्यांतून बघणं आहे हे.

लोक याला 'अंड्यांची शिल्लक' म्हणतात, त्या छापील तक्त्यातही तसंच होतं. मला हे पटत नाही. आमच्या संस्थेत शिल्लक म्हणजे पुस्तकात पैशापर्यंत लिहिलेली रक्कम. ही तपासणी म्हणजे सोमवारी सकाळी काउंटरसमोर किती माणसं उभी आहेत ते मोजणं. मोठ्या संस्थेसमोर रांग मोठी असते हे खरं, म्हणून रांगेवरून सभासद किती असतील याचा अंदाज बांधता येतो. पण सभासदांची यादी कुणी पाहिलेली नसते. गोळी चालू असताना रांग मोजणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी काउंटर मोजणं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "आणि टोकन दर महिन्याला एकालाच मिळतं, ते विसरू नका," म्हणाल्या.

हा टोकनाचा मुद्दा मला घरी येईपर्यंत नीट उमगला नव्हता. बस यमकनमर्डीच्या पुढं गेल्यावर डोक्यात बसला. महिन्याला जागी झालेली पिशवी वीस असो की सहा, त्यातली एकच मोठी होते आणि फुटते. बाकीच्या विरून जातात. म्हणजे रांग लहान असली तरी काउंटर बंद पडलेला नसतो. पाळी नियमित येत असेल तर एक अंडं बहुधा सुटतंच आहे. आपल्या आपण दिवस राहायला तेवढं एकच लागतं. वीस लागतात ती इंजेक्शनं देऊन एकदम बरीच अंडी काढायची असतील तेव्हा. या तपासणीचा मूळ उपयोगही तोच, टेस्ट ट्यूबच्या उपचारात इंजेक्शनांना ओव्हरी किती साथ देईल आणि डोस किती द्यायचा हे ठरवण्याचा. त्या कामात ती चांगली आहे. तिला भलतंच काम दिलं जातं, गोंधळ तिथं होतो.

तीन महिन्यांनी पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं गेले. ही सोनोग्राफी आतून होते आणि पाळी चालू असताना होते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर रात्रभर जागले नसते. अंगठ्याएवढी जाड नळी, तिच्यावर निरोध चढवलेला, त्यावर जेल. लघवी केलेली असावी लागते, कारण भरलेली लघवीची पिशवी मध्ये आली तर ओव्हरी लांब जाते. दुखलं नाही, डाव्या बाजूला थोडं ओढल्यासारखं झालं. जुन्या ऑपरेशनमुळं ती ओव्हरी जरा चिकटलेली होती.

बाईंनी पडदा माझ्याकडं वळवला. करड्या रंगात काळे गोल ठिपके. पाणी काळं दिसतं, म्हणून पिशवी काळी. त्या नळी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं नेत होत्या आणि ओठात मोजत होत्या, परत उलट नेऊन पुन्हा. एकच पिशवी दोनदा मोजली जायला नको म्हणून. सहा मिलिमीटरची एक, चारची, पाचची. उजवीकडं पाच. डावीकडं तीन. एकूण आठ. डावीकडं चौथा एक ठिपका होता, त्याच्यावर त्या बराच वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, "ही रक्तवाहिनी आहे, आडवी कापलेली दिसते." नळी फिरवल्यावर तो ठिपका लांबट झाला. दुसऱ्या कुणी घाईत मोजलं असतं तर माझे नऊ झाले असते. मोजणाऱ्या दोन हातांत दोन-तीनचा फरक पडतो आणि महिन्यामहिन्यालाही पडतो, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दवाखान्यातल्या सतराव्या दिवसाच्या, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकडाच नव्हता, 'लहान' एवढा शब्द होता. शिवाय गोळी चालू. त्या कागदावर त्यांनी काही न बोलता तिरकी रेघ मारली.

रक्त त्याच दिवशी बेळगावातल्या दुसऱ्या लॅबला दिलं. संध्याकाळी निकाल आला आणि मी संस्थेच्या तिजोरीसमोर अक्षरशः उडी मारली. एएमएच ७.८! ०.७४ चे ७.८! नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, गोळीनं एवढं दाबलं होतं होय? आत्तींनी देवापुढं साखर ठेवली.

रात्री जेवून झाल्यावर सवयीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून ताळा करायला बसले. आकड्यापुढं काय लिहिलंय ते आधी बघायचं, रुपये की हजार रुपये, हे मी नव्या पोरांना शिकवते, आणि स्वतः विसरले होते. पहिल्या रिपोर्टवर ng/mL होतं, दुसऱ्यावर pmol/L. दोन्ही मापं चालतात, आणि पहिल्याला ७.१४ नं गुणलं की दुसरं येतं. ७.८ ला ७.१४ नं भागलं, उत्तर १.०९. पहिला निकाल pmol/L मध्ये ५.३ होता. म्हणजे वाढ झाली होती, पण दहापट नव्हे, दीडपटीच्या आसपास. त्यातही लॅब वेगळी, मशीन वेगळं, आणि मशीन बदललं की त्याच रक्ताचा आकडा थोडा इकडंतिकडं होतो. साखर देवापुढं तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोनवर मी गडबडून विचारलं, "म्हणजे कमीच ना?"

"तुमच्या वयाला कमीच्या बाजूला आहे. एका ओव्हरीवर चाकू चालला की थोडं होतंच. गाठीबरोबर आजूबाजूचा चांगला भागही जातो. इंजेक्शनं दिली तर चार-सहा अंडी मिळतील असं मी म्हणेन, पंधरा-वीस नाही. एवढं मला या कागदावरून सांगता येतं."

"आणि दिवस राहतील का?"

"ते येत नाही सांगता."

मी तो प्रश्न पुढच्या भेटीत चार तऱ्हांनी विचारला. त्यांनी चारही वेळा न वैतागता उत्तर दिलं, हे त्यांचं मोठेपण. २०१७ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. तीस ते चव्वेचाळीस वयाच्या साडेसातशे बायका, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या. ज्यांचं एएमएच ०.७ च्या खाली होतं त्यांच्यात सहा महिन्यांच्या प्रयत्नांत दिवस राहण्याची शक्यता शंभरात पासष्ट निघाली, आणि ज्यांचं ठीक होतं त्यांच्यात बासष्ट. म्हणजे फरकच नाही. "पण हे तुम्हाला जसंच्या तसं लावणार नाही मी," असंही त्या लगेच म्हणाल्या. "त्या बायकांना आधीची काही तक्रार नव्हती. तुमची गाठ होती, गर्भनळ्यांभोवती चिकटलेलं असू शकतं. म्हणून एरवी पस्तिशीच्या आतल्या बाईला वर्षभर प्रयत्न करा म्हणते, तुम्हाला सहा महिने सांगते. ही घाई गाठीमुळं आहे, आकड्यामुळं नाही."

अंडं चांगलं की वाईट हेही त्या कागदात नसतं. ते मुख्यतः वयावर जातं. पंचवीस वर्षांच्या बाईची रांग लहान असली तरी रांगेतली अंडी पंचवीस वर्षांचीच असतात, आणि बेचाळिशीच्या बाईची रांग मोठी असली तरी बेचाळीस वर्षांची. पाळी कधी जाणार, ते वर्षही त्यातून निघत नाही. मी तेही विचारलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "आईची कधी गेली?" अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. "मग ते लक्षात ठेवा. फार लवकर जाण्याची खूण दिसली तर आपण बोलू, सध्या तशी काही नाही."

याच दिवसांत संकेश्वरहून नणंद आली. तिनं माझं ऐकून तीच तपासणी करून घेतली होती. तिचा आकडा ९.२, त्याच ng/mL मध्ये, मी आधी तेच बघितलं. घरात तिच्या नशिबाचं कौतुक सुरू झालं. ती मात्र मागच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली. "वैनी, मी काय करू सांग. अंडी भरपूर म्हणतेत आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही. मी तर दमलो आता." (आमच्याकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात. लिहिताना तेवढं मी बदलते.) तिला पीसीओएस आहे. सोनोग्राफीत तिच्या एकेका ओव्हरीत पंचविसेक पिशव्या, कडेनं माळेसारख्या मांडलेल्या. रांग दारापर्यंत, पण टोकन कुणालाच नाही. पिशव्या लहानच राहतात, फुटत नाहीत. शिवाय अशा बाईला इंजेक्शनं सरसकट डोसात दिली तर सगळी रांग एकदम उठते, ओव्हरी सुजते, पोटात पाणी भरतं. म्हणून तिचा मोठा आकडा डॉक्टरांना डोस कमी ठेवायला सांगतो. तिच्यावर उपचार सोपे होते, दर महिन्याला एक अंडं फुटावं म्हणून गोळ्या. आत्तींना मात्र शेवटपर्यंत कोडं पडलं होतं, जिच्याकडं जास्त तिलाच औषध कसं.

आम्ही प्रयत्न सुरू केले. चौथ्या महिन्यात पाळी चुकली. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा सकाळचे साडेपाच वाजले होते आणि मी आधी तो पहिला, ०.७४ चा कागद काढून बघितला. पेनाचा गोल तसाच होता. सातव्या आठवड्यात रक्त जायला लागलं. बेळगावला पोचेपर्यंत झालं होतं.

बाईंनी बराच वेळ हात धरून ठेवला. मग मी तेच विचारलं, आकडा कमी होता म्हणून झालं का? म्हणाल्या, या आठवड्यातल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. तो त्या एका अंड्याचा किंवा जुळणीचा असतो. रांगेत किती उभे होते याच्यावरून तो कळत नाही. चौथ्या महिन्यात दिवस राहतील हे त्या कागदानं सांगितलं नव्हतं, आणि राहतील ते टिकतील की नाही हेही सांगितलं नव्हतं.

पुढच्या पाळीनंतर पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही म्हणाल्या. सहा महिन्यांची मुदत परत पहिल्या दिवसापासून.

निघताना आत्तींनी, त्या या खेपेला माझ्याबरोबर आल्या होत्या, पदर सावरत विचारलं, "बाई, ती रक्ताची तपासणी परत एकदा करून घ्यायची काय हो? आता किती आलाय बघायला?"

"करून काय बदलणार?" बाईंनी विचारलं.

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खाली रस्त्यावर येऊन आम्ही दोघी उसाचा रस प्यायलो, आणि वाचलेल्या पैशांतनं त्यांनी खडे बाजारात स्वतःसाठी एक इरकल घेतली. रंग मी निवडला.